दोन बॅचच्या वेळेवरून लर्निंग रेट काढताना या चुका टाळा

नव्या डिझाइनच्या कंट्रोल पॅनलची ऑर्डर आली की पहिल्या बॅचला वायरमनचे जितके तास लागतात तितके पुढच्या बॅचला लागत नाहीत. हात बसतो, ड्रॉइंग पाठ होते, वायर डक्टमधून कोणती वायर आधी न्यायची हे विचार न करता सुचू लागते. हा वेळ ठरावीक नियमाने कमी होत जातो, असे १९३६ साली थिओडोर पॉल राइट यांनी अमेरिकेतील विमाननिर्मितीच्या अनुभवावरून मांडले. एकूण उत्पादन दुप्पट झाले की प्रति नग सरासरी वेळ आधीच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांवर येतो, असा तो नियम आहे. हा टक्का म्हणजे लर्निंग रेट. दोन बॅचचे तास हातात असले की तो काढता येतो आणि तिसऱ्या-चौथ्या बॅचचा अंदाज बांधता येतो. मात्र या साध्या दिसणाऱ्या गणितात काही चुका वारंवार होतात आणि त्यांचा परिणाम थेट कोटेशनमधल्या तासांवर होतो.

सगळ्या चुका एकाच उदाहरणावर पाहू. समजा, पहिल्या बॅचमध्ये १० पॅनल झाली आणि जॉब कार्डांवरून त्यांना ३०० तास लागले. दुसऱ्या बॅचमध्ये २० पॅनल झाली आणि ३९६ तास लागले. तिसरी बॅच ३० पॅनलची आहे आणि तिच्या तासांचा अंदाज आपल्याला द्यायचा आहे.

बॅचची सरासरी आणि एकूण सरासरी यांची गल्लत

सर्वांत जास्त होणारी चूक अशी. पहिल्या बॅचमध्ये एका पॅनलला ३० तास लागले, दुसऱ्या बॅचमध्ये १९.८ तास, म्हणून १९.८ भागिले ३० करून लर्निंग रेट ६६ टक्के असा निष्कर्ष काढला जातो. राइट यांचा नियम दुसऱ्या बॅचच्या सरासरीबद्दल काहीच सांगत नाही. तो पहिल्या नगापासून आजवरच्या सर्व नगांच्या सरासरीबद्दल, म्हणजेच संचयी सरासरीबद्दल आहे. म्हणून दुसऱ्या बॅचच्या अखेरीस एकूण तास ६९६, एकूण पॅनल ३० आणि संचयी सरासरी २३.२ तास हे आकडे घ्यायला हवेत.

ही चूक ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. हाताने होणाऱ्या जुळणीच्या कामात साधारणपणे ८० ते ९० टक्क्यांच्या आसपासचे दर दिसतात. ६६ टक्क्यांचा दर मिळाला, तर कामगार विलक्षण वेगाने शिकत आहेत असे मानण्याआधी आपण भलतीच सरासरी घेतली आहे का, हे तपासावे. हा दर तसाच पुढे वापरला तर तिसऱ्या बॅचला जेमतेम २२३ तास, म्हणजे एका पॅनलला साडेसात तासांहूनही कमी वेळ लागेल असे उत्तर येते. ज्याने आदल्याच बॅचमध्ये एका पॅनलसाठी जवळपास वीस तास दिले आहेत, त्या वायरमनला हा आकडा दाखवला तर तो क्षणात नाकारेल आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल.

उत्पादन दुप्पट झालेले नसताना गुणोत्तरालाच दर मानणे

संचयी सरासरी बरोबर घेतल्यावरही पुढची चूक होते. २३.२ भागिले ३० म्हणजे ७७.३ टक्के, तोच लर्निंग रेट असे धरले जाते. पण उत्पादन १० वरून ३० वर गेले आहे, म्हणजे ते तिप्पट झाले आहे, आणि दर तर दुपटीवर मोजला जातो. अभ्यासाच्या पुस्तकांतल्या बहुतेक गणितांत दोन्ही बॅच सारख्या आकाराच्या असतात. तेथे एकूण उत्पादन आपोआप दुप्पट होते, त्यामुळे नुसता भागाकार बरोबर ठरतो आणि तीच सवय पुढे राहते. कारखान्यात ऑर्डर ग्राहकाच्या गरजेप्रमाणे येते, दुपटीच्या हिशेबाने येत नाही.

बॅच असमान असतील तेव्हा लॉगरिदमला पर्याय नाही. स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत होते:

```
b    : =LN(23.2/30)/LN(30/10)            → -0.2340
rate : =2^(LN(23.2/30)/LN(30/10))        → 0.8503
```

म्हणजे लर्निंग रेट सुमारे ८५ टक्के. लॉगरिदमचा पाया कोणताही घेतला तरी चालतो, फक्त वर आणि खाली तोच असला पाहिजे. `b` हा उत्पादनाचा घातांक आहे, उत्पादन वाढेल तशी संचयी सरासरी किती वेगाने घटते ते तो सांगतो, म्हणून तो ऋण यायलाच हवा. तो धन आला तर उत्पादनाचे दोन आकडे किंवा सरासरीचे दोन आकडे उलट क्रमाने लिहिले गेले आहेत, किंवा खरोखरच वेळ वाढत चालला आहे आणि मग हा नियम लावण्यात अर्थ नाही.

७७.३ टक्के हाच दर मानून पुढे गेलो असतो तर तिसऱ्या बॅचचा अंदाज सुमारे ३८० तास आला असता. योग्य आकडा काय येतो ते आता पाहू.

संचयी सरासरीला थेट बॅचच्या नगांनी गुणणे

तिसऱ्या बॅचच्या अखेरीस एकूण ६० पॅनल होतील, म्हणजे ३० ची नेमकी दुप्पट. त्यामुळे संचयी सरासरी २३.२ च्या ८५ टक्के, म्हणजे १९.७ तास होईल. येथे मोह असा होतो की १९.७ ला ३० ने गुणावे आणि ५९२ तासांचा अंदाज द्यावा. पण १९.७ ही साठही पॅनलांची सरासरी आहे, त्यात पहिल्या बॅचमधली ३० तासांची पॅनलेही आहेत. म्हणून साठ पॅनलांचे एकूण तास काढून त्यांतून तीस पॅनलांचे झालेले तास वजा करावे लागतात. एकूण सुमारे ११८३ तास, त्यांतून ६९६ वजा जाता ४८७ तास, म्हणजे एका पॅनलला सुमारे सव्वासोळा तास. ५९२ आणि ४८७ यांतला फरक शंभर तासांहून अधिक आहे आणि तेवढ्यावर ऑर्डर हातची जाऊ शकते.

या वजाबाकीत आणखी एक धोका आहे. दोन मोठ्या आकड्यांच्या फरकातून आपण लहान आकडा काढतो, त्यामुळे सरासरीत केलेले लहानसे पूर्णांकन उत्तरात मोठे होऊन येते. पुढे चौथी बॅच २० पॅनलची असेल, तर ८० पॅनलांवरची संचयी सरासरी १८.४४ तास येते आणि चौथ्या बॅचला सुमारे २९२ तास मिळतात. तीच सरासरी कोणी १८ तास अशी लिहून ठेवली, तर उत्तर २५६ तास येते. सरासरीत अर्ध्या तासाहूनही कमी सूट घेतली आणि बॅचच्या अंदाजात पस्तीस तासांचा खड्डा पडला. म्हणून मधल्या पायऱ्यांवर पूर्णांकन करू नये. ते शेवटच्या तासांवरच करावे.

दोन वेगळे नियम एकत्र मिसळणे

राइट यांच्या नियमाखेरीज क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा दुसरा नियमही वापरात आहे. त्यात संचयी सरासरीऐवजी त्या त्या क्रमांकाच्या एका नगाला लागणारा वेळ दुपटीला ठरावीक टक्क्यांवर येतो. आपल्या याच दोन बॅचवर तो बसवायचा तर १ ते १० आणि ११ ते ३० या नगांच्या वेळांची बेरीज ३०० आणि ३९६ शी जुळेल असा दर शोधावा लागतो. त्यासाठी सरळ सूत्र नाही, स्प्रेडशीटमधील गोल सीकने तो सापडतो. येथे तो सुमारे ८३ टक्के येतो आणि तिसऱ्या बॅचचा अंदाज ४७४ तास होतो.

४८७ आणि ४७४ या दोन्ही उत्तरांना आधार आहे. आधार नाही तो ८३ टक्के हा दर दुसऱ्या कोणाकडून ऐकून राइट यांच्या सूत्रात घालण्याला. तसे केले की उत्तर ४५९ तास येते आणि ते दोन्ही नियमांच्या खाली जाते. कोणी लर्निंग रेट सांगितला की तो कोणत्या नियमाने काढला आहे, हे विचारल्याशिवाय वापरू नये.

शिकण्याशी संबंध नसलेले तास आत राहू देणे

माझ्या मते सर्वांत घातक चूक ही आहे, कारण यात सूत्र बरोबर असते आणि तरीही उत्तर चुकते. पहिल्या बॅचच्या ३०० तासांत ४० तास एकदाच करायच्या कामाचे होते असे समजा: ड्रॉइंगमधल्या शंका सोडवणे, वायरच्या लांब्या ठरवणे, हार्नेस बांधण्यासाठी फळी तयार करणे, फेरूल छापण्याची फाइल बनवणे. हे तास दुसऱ्या बॅचमध्ये पुन्हा लागले नाहीत, म्हणजे ते हात बसल्यामुळे वाचलेले नव्हेत. ते वगळले तर पहिल्या बॅचची सरासरी २६ तास, तीस पॅनलांची संचयी सरासरी २१.९ तास आणि लर्निंग रेट जवळपास ९० टक्के येतो. मग तिसऱ्या बॅचला ४८७ ऐवजी सुमारे ५२० तास लागतात.

हेच टेस्टिंगलाही लागू आहे. पॅनल ठरावीक वेळ विद्युतभाराखाली ठेवून तपासायचे असेल, तर तो वेळ वायरमन कितीही तरबेज झाला तरी कमी होत नाही. असा प्रति नग स्थिर वेळ दोन्ही बॅचमधून बाजूला काढावा, उरलेल्या वेळावर दर काढावा आणि अंदाजात तो पुन्हा मिळवावा. बॅचच्या मध्येच टीम बदलली असेल किंवा दोन बॅचमध्ये काही महिने काम बंद राहिले असेल, तर दोन बिंदूंवरून काढलेल्या दरावर मुळीच विसंबू नये.

दोन बिंदूंमधून वक्र नेमका गेला म्हणून निश्चिंत होणे

दोन आकड्यांतून असा वक्र नेहमीच तंतोतंत जातो, मग ते आकडे बरोबर असोत वा चूक. वरचे ८५ आणि ९० टक्के हे दोन्ही दर आपापल्या आकड्यांवर अचूक बसतात, त्यामुळे कोणता खरा हे त्या दोन बॅच कधीच सांगणार नाहीत. ते सांगू शकते ती तिसरी बॅच, आणि त्यासाठी ती पुरी होण्याची वाट पाहावी लागत नाही. ८५ टक्क्यांच्या हिशेबाने ३१ ते ४० या पहिल्या दहा पॅनलांना सुमारे १७२ तास लागायला हवेत. एकदाच होणारे तास वगळून काढलेल्या दराने हाच आकडा सुमारे १८० येतो. फरक लहान आहे, म्हणून या दहा पॅनलांचे तास स्वतंत्र जॉब कार्डावर घ्यावेत आणि सामान न आल्यामुळे गेलेला वेळ त्यांत येऊ देऊ नये. आकडा १८० च्या जवळ आला, तर उरलेल्या वीस पॅनलांसाठी माणसे पूर्ण बॅचच्या ५२० तासांच्या हिशेबाने लावावीत आणि पुढच्या ऑर्डरच्या कोटेशनमध्ये सेटअपचे तास वेगळ्या ओळीत दाखवावेत.