वड, पिंपळ की पायर? फोटोवरून ओळखताना या चुका टाळा

पावसाळा संपला की माझ्याकडे झाडांचे फोटो यायला लागतात, आणि त्यातले निम्मे जांभ्याच्या भिंतीत नाहीतर गडग्यात उगवलेल्या झाडांचे. सोबत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, "मुळं लोंबतायत म्हणजे वड ना?" सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच.

वड, पिंपळ, पायर, नांद्रुक, यांचं बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत, किल्ल्याच्या बुरुजावर, माडाच्या खोडावर पडतं आणि तिथेच रुजतं. खाली माती शोधत मुळं भिंतीला चिकटून उतरतात, आणि हे पिंपळही करतो. म्हणजे भिंतीवरची मुळं बघून वड म्हणता येत नाही. वडाची पारंबी वेगळी, ती आडव्या फांदीतून निघते, हवेत मोकळी लोंबते आणि जमिनीला टेकली की जाड होत होत खांब बनते. फोटोत मूळ फांदीतून निघतंय की बुंध्यातून, एवढं आधी बघा. उलटंही लक्षात ठेवा, कोवळ्या वडाला पारंब्या नसतात आणि रस्त्याकडेच्या वडाच्या तर लोक छाटूनच टाकतात, म्हणून पारंबी नाही म्हणजे वड नाही असंही नाही. त्यात नांद्रुकाला पण लोंबती मुळं असतात, पण ती बारीक, ब्रशच्या केसांसारखी, आणि पान वडाच्या पानाच्या निम्म्याहून लहान, चकचकीत. फोटोत पानाशेजारी हात नसेल तर हा फरक कळतच नाही, म्हणून पान तळहातावर ठेवून फोटो काढा.

दुसरी चूक, हृदयाच्या आकाराचं पान दिसलं की पिंपळ. यंदा माझ्या भाचीने देवगडकडच्या सड्यावरून फोटो पाठवला, कातळाच्या भेगेत उगवलेलं झाड, पान बदामी, "मामा, पिंपळ मिळाला!" फोटो लांबून काढलेला, वाऱ्याने पानं हललेली. मी तिला म्हटलं, परत जा आणि तीन फोटो काढ, एक पूर्ण जून पान देठासकट, एक त्याच पानाच्या टोकाचा जवळून, आणि एक फळं असलेल्या फांदीचा.

पिंपळाच्या पानाला लांब, निमुळती शेपटी असते, साधारण पानाच्या एक तृतीयांश लांबीची, टोकाकडे बारीक होत जाणारी. भाचीच्या फोटोत पान तसंच रुंद होतं पण शेपटी एकदम आखूड, बोटाच्या पेराएवढीही नाही. शिवाय देठ आणि मधली शीर गुलाबी. हे दोन्ही मिळून पायर. पायर कातळावर, खडकाळ जागी मस्त वाढते, सड्यावर ती दिसणं अगदी साहजिक.

पण गुलाबी रंगावर एकट्याने भरवसा ठेवू नका! पिंपळाची कोवळी पालवी पण तांबूस-गुलाबी असते, म्हणून भाचीला मुद्दाम जून पान सांगितलं होतं. आणि शेपटीचंही तसंच, किड्यांनी कुरतडलेलं किंवा वाऱ्याने फाटलेलं टोक आखूडच दिसणार, त्यामुळे एका पानावर निकाल देऊ नका, एकाच फांदीची पाच-सहा पानं बघा, सगळ्यांची शेपटी आखूड असेल तरच ती खरी आखूड.

फळांचं काय? वडाची फळं पानाच्या बगलेत जोडीने, देठ नसल्यासारखी चिकटलेली, पिकली की लालभडक. पिंपळाचीही बगलेत जोडीने आणि बिनदेठाची, पण वडापेक्षा लहान आणि पिकताना जांभळी-काळपट. म्हणजे "जोडीने आणि बिनदेठाची" यावरून वड-पिंपळ वेगळे होत नाहीत, रंग आणि आकार लागतो, आणि कच्ची हिरवी फळं असतील तर फळावरून बोलूच नका, पानाकडे वळा. वडाचं पान जाड, लंबगोल, टोक बोथट, तिथे गोंधळ होत नाही.

फळं खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाने लागलेली दिसली तर प्रश्न वड-पिंपळाचा नाहीच, तो उंबर. फक्त एक तपासा, पान खरखरीत आहे का, समोरासमोर जोडीने आलंय का, आणि फळावर लव आहे का. तसं असेल तर तो काळा उंबर, आपल्याकडे वहाळाच्या काठाला भरपूर असतो. उंबराची पानं एकाआड एक येतात आणि हाताला गुळगुळीत लागतात. फोटोत खरखरीतपणा दिसत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला विचारा की पान बोटाने घासून बघितलं का, आणि नसेल तर फांदीचा असा फोटो मागा की दोन पानांचे देठ एकाच पेरावरून निघतात का ते दिसेल.