"शुक्रवारी पेट्या पाठवू" एवढाच मेसेज आला तर? अंदाज लावायचा की विचारायचं

आमची देवगड बाजूला आंब्याची छोटी बाग आहे. मार्च ते मे सगळ्या ऑर्डरी फोनवरच येतात आणि त्यातले कितीतरी मेसेज अर्धेच असतात. कोण लोकलमध्ये लटकत टाइप करतं, कोण कुकरची शिट्टी झाली म्हणून मधेच सोडून जातं. प्रत्येकाला फोन करत बसलो तर आंबे काढणार कधी, आणि कोणालाच नाही केला तर काय होतं ते एकदा भोगलंय. म्हणून आम्ही घरात एक पद्धत लावून घेतलीय, ती सांगतो. तुमचा धंदा मासळीचा असो की होमस्टेचा, फार फरक पडणार नाही.

आधी भोगलेलं सांगतो. एका गिऱ्हाईकाचा मेसेज आला, "शुक्रवारी पेट्या पाठवू". मी म्हटलं पाठवू म्हणजे पाठवूया, किंवा घाईत 'पाठवा'चं 'पाठवू' झालं असेल, आणि टाकल्या गाडीत. त्यांना लिहायचं होतं "पाठवू नका, आम्ही गावी चाललोय". पेट्या बंद दारासमोर तीन दिवस उन्हात पडून होत्या, आंबे अक्षरशः उकडले. पैसे कोणी कोणाकडे मागायचे, मी आपला गप्प बसलो.

त्यात एक गोष्ट डोक्यात बसली. मराठीत वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दात लागतो. नको, नका, नाही, का, असेल तर, सगळं शेपटीला. इंग्रजीत नकार आधीच येतो म्हणून तुटकं वाक्यसुद्धा बरंचसं कळतं, आपल्यात मात्र तुटतं तेव्हा नेमकं तेच तुटतं. म्हणून मेसेज किती लांब आहे ते बघू नका, कुठे तुटलाय ते बघा. "४ पेट्या, ५ डझनवाल्या, जुना पत्ता" यात क्रियापद नाहीये तरी काही अडत नाही, तो पुराच आहे. पण "पाठवू", "काढू", "पैसे देऊ" असा ऊकारावर थांबलेला मेसेज आला की पुढे नका, शकाल का, म्हणत होतो, काहीही येऊ शकतं. तिथे अंदाज बंद, सरळ विचारायचं. "पण", "जर", "फक्त", "त्यातल्या" यावर थांबला असेल तरीसुद्धा तेच, कारण पुढे अट आहे एवढं तर त्यांनी सांगितलंय, फक्त कुठली ते राहिलंय.

आता पहिलं काम म्हणजे मेसेज खरंच अर्धा आहे का ते बघणं. हसू नका, माझा भाऊ वरच्या नोटिफिकेशनमध्ये जेवढं दिसतं तेवढंच वाचून गड्यांना कामाला लावायचा. मेसेज उघडा, शेवटपर्यंत जा. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज येतो तो आख्खा येतो, रेंजमुळे मधेच कापला जात नाही. अर्धा दिसतोय म्हणजे समोरच्याचं बोट चुकून सेंडवर पडलंय, नाहीतर पुढचा भाग दुसऱ्या मेसेजमध्ये आहे आणि तो त्यांच्याच फोनवर अडकलाय. कोकण रेल्वेने येणारी माणसं असली की हे हमखास, रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यात गाडी शिरली की बसा वाट बघत. अशा वेळी पाच-दहा मिनिटं थांबलं की बऱ्याचदा उरलेलं आपोआप येतं. आणि पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, त्याची वेगळी टिंग वाजत नाही, तेव्हा कामाला हात घालायच्या आधी तोच मेसेज पुन्हा एकदा उघडून बघायचा.

साध्या एसएमएसचं वेगळं असतं. आमच्याकडे अजून बटणाच्या फोनवाले म्हातारे गिऱ्हाईक आहेत. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावतात, काना-मात्रासुद्धा त्यात मोजतात. त्याहून लांब लिहिलं की ६७-६७ चे तुकडे होऊन जातात आणि पलीकडे जोडले जातात, पण एखादा तुकडा मागे राहिला की झालं. ओळखायची खूण म्हणजे शब्दाच्या मध्येच तुटलेला असतो, "पाठ" किंवा "शुक्रवा" असा. तिथे माणसाने पूर्ण लिहिलेलं असतं, त्यामुळे "पुढचं लिहा" म्हटलं तर ते चिडतात. "तुमचा मेसेज इथपर्यंतच आलाय, पुन्हा पाठवता का" असं म्हणायचं.

बरं, अर्धाच आहे हे नक्की झालं. आता खरा विचार. यंदाचंच एक उदाहरण घेतो. मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला डोंबिवलीच्या काकूंचा मेसेज:

"दादा नमस्कार, शुक्रवारी ४ पेट्या हव्यात, मागच्यासारख्याच पण त्यातल्या २"

बस. पुढे काही नाही, दहा मिनिटं थांबलो, अर्धा तास थांबलो, काही नाही. आमचं वेळापत्रक असं की बुधवारी पहाटे गडी झेला घेऊन झाडावर, दिवसभरात निवडून पेट्या भरायच्या, गुरुवारी संध्याकाळी टेम्पो मुंबईला, शुक्रवारी घरपोच. म्हणजे माझ्याकडे एक रात्र होती.

मी वहीत लिहून काढलं, त्या "२"चं काय काय असू शकतं. डोक्यात ठेवू नका, लिहाच, कारण डोक्यात असला की पहिला अंदाजच खरा वाटायला लागतो. एक, २ पेट्या दुसऱ्या पत्त्यावर, लेकीकडे वगैरे. दोन, २ पिकलेल्या हव्यात. तीन, २ लहान फळाच्या. चार, २ पुढच्या आठवड्यात.

मग प्रत्येकासमोर लिहिलं की हे खरं असेल तर मला कुठलं काम कधी बदलावं लागेल. पत्ता वेगळा असेल तर आंबे काढायचे तसेच काढायचे, फक्त पेटीवरचं लेबल बदलतं, ते गुरुवारी दुपारपर्यंत चालतं. लहान फळ हवं असेल तर निवडताना बघू, बुधवार दुपार. पुढच्या आठवड्यात हव्या असतील तर काढलेले २ पेट्यांचे आंबे दुसऱ्या कोणाला जातील, सीझनमध्ये गिऱ्हाईक असतंच. पिकलेले हवे असतील तर मात्र नव्याने काढून उपयोगच नाही, चौदा आणे तयार झालेला आंबा काढून पेंढ्यात अढी घातली की पिकायला आठ-दहा दिवस जातात, ते आधीच्या अढीतूनच काढावे लागतील आणि नवे काढलेले दुसऱ्या कोणाला जातील.

एवढं लिहिल्यावर दिसलं की बुधवारी पहाटेचं काम चारातल्या कुठल्याच अर्थाने वाया जात नाही. मग ते थांबवायचं कशाला? त्या कामापुरता अंदाज लावला तरी चालतो. अडतंय ते टेम्पोत काय चढवायचं याला, कारण टेम्पो एकदा घाट चढला की परत बोलावता येत नाही. म्हणजे "अंदाज की विचारणा" हा सवाल आख्ख्या मेसेजला एकदम विचारायचाच नाही, एकेका कामाला विचारायचा. जिथे सगळे अर्थ एकाच कामाकडे नेतात तिथे हात चालू ठेवा, जिथे रस्ते फुटतात आणि मागे फिरता येत नाही, त्याच्या आधी उत्तर हातात पाहिजे.

आणि विचारायचं ते मात्र लगेच, त्याच संध्याकाळी. उत्तर गुरुवारी लागणार आहे म्हणून गुरुवारी विचारलं तर समोरची माणसं नेमकी लग्नात असतात.

कसं विचारायचं, यात लोक फार घाण करतात. नुसतं "?" टाकतात, किंवा "काय ते नीट सांगा". काकूंना वाटलेलं असतं त्यांनी सगळं लिहिलंय, त्यांना कळतच नाही आपण कशाबद्दल विचारतोय. मी असं लिहिलं:

"काकू, तुमचा मेसेज 'त्यातल्या २' इथे थांबलाय. २ पेट्या वेगळ्या पत्त्यावर हव्यात, पिकलेल्या हव्यात, की आणखी काही? गुरुवारी ३ पर्यंत कळवा. नाही कळलं तर २ शुक्रवारी येतील, उरलेल्या २ इथे तुमच्या नावाने ठेवतो."

यात तुटलेले शब्द जसेच्या तसे दिलेत म्हणजे त्यांना लगेच आठवतं. दोनच पर्याय दिले, चारही टाकले असते तर परीक्षेचा पेपर झाला असता. "की आणखी काही" मुद्दाम ठेवलं, ते न ठेवता नुसतं "वेगळ्या पत्त्यावर ना?" विचारलं की लोक कामाच्या गडबडीत "हो हो" म्हणून मोकळे होतात आणि आपल्याला वाटतं कन्फर्म झालं. शेवटी, उत्तर नाही आलं तर मी काय करणार तेही सांगितलं. चारही पाठवल्या असत्या तरी कदाचित चाललं असतं, पण कच्चा आंबा इथे दोन दिवस बसतो आणि मागून पाठवता येतो. काकूंकडे शुक्रवारी पूजा वगैरे असती आणि चारही लागल्या असत्या तर माझा हिशोब चुकला असता, हे मान्य. म्हणूनच वेळ दिली होती आणि गुरुवारी दुपारी एकदा फोन करायचाच असं वहीत लिहून ठेवलं होतं. मेसेजवर एक टिक असेल तर तो त्यांना पोचलेलाच नाही, तिथे "नाही कळवलं तर" ही भाषा लागू होत नाही, फोनच करायचा.

बुधवारी रात्री दहाला उत्तर आलं: "अगंबाई, राहिलंच का ते! त्यातल्या २ पायरीच्या द्या, ह्यांना रसाला लागतो."

पायरी! माझ्या चारांत हे कुठेच नव्हतं, आणि हे उत्तर मिळालं ते त्या "आणखी काही" मुळे. आमची पायरीची तीनच झाडं, वरच्या कुंपणाला. गुरुवारी पहाटे गड्याला पाठवून काढून घेतले, दुपारी भरले, संध्याकाळी टेम्पोत गेले. हापूसच्या जादा काढलेल्या २ पेट्या ठाण्याच्या एका ऑर्डरीत लागल्या.

एक राहिलं. जिथे तुम्ही अंदाज लावून काम केलंत तिथे तो अंदाज कळवायचा, तेही काम हातातून सुटायच्या आधी. "५ डझनवाल्या भरतोय" एवढी एक ओळ पुरते, चुकलं असेल तर माणूस लगेच बोंब मारतो. आणि ज्यांच्याशी वर्षानुवर्षं व्यवहार आहे त्यांचे जुने मेसेज वर सरकवून बघा, आमचे एक आजोबा गेली कित्येक वर्षं फक्त "२ नेहमीचे" लिहितात, त्यांना विचारलं तर उलट रागावतात. पण त्यांनीही एकदा "२ नेहमीचे पण" लिहिलं होतं, तेव्हा आमचा म्हातारा गडी फोनकडे बघून म्हणाला, "आदी इचार, मगे काढ." विचारलं. आजोबांना २ नाही, ३ हव्या होत्या, नातू आलेला.