अठरा स्लाइडचं भाषण, एकही स्लाइड न दाखवता

समजा, ठाण्यातल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवरच्या सोलरबद्दल बोलायचंय. अठरा स्लाइड तयार आहेत, पण दहा मिनिटं पडद्याशिवाय बोलायचंय.

आधी प्रत्येक स्लाइडखाली एकच वाक्य लिहा: हे दाखवून मी काय पटवतोय? ज्या स्लाइडला वाक्य सुचत नाही ती काढून टाका. एकच गोष्ट सांगणाऱ्या स्लाइड एकत्र करा. इथे पाच मुद्दे उरतात: लिफ्ट-पंपाचं बिल, गच्चीची जागा, मिळणारी वीज, अनुदान आणि ठराव.

आता हे मुद्दे क्रमाने आठवावेत म्हणून मनातल्या मनात चालायला एक पायाखालची वाट घ्या: स्टेशनचा पूल, जांभळी नाका, कोपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलाव, गडकरी रंगायतन. प्रत्येक थांब्यावर एक मुद्दा ठेवायचा, तोही हलत्या, विचित्र चित्राच्या रूपात. पुलावर तुमच्या सोसायटीची लिफ्ट अडकलीय आणि आतून बिलांचे कागद उडतायत. नाक्यावर भाजीवाली मेथीऐवजी काळी पॅनलं पसरून बसलीय, वीस टोपल्या भरून. म्हणजे २० किलोवॅट. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट, म्हणून २,००० चौरस फूट गच्ची. मंदिरात ८० पणत्या तेवतायत आणि पावसाची सर येताच बऱ्याच विझतात: दिवसाला सरासरी ८० युनिट, पावसाळ्यात कमी. तलावातल्या होडीत १८ माणसं कोंबलीत: सामायिक वापरासाठी केंद्राचं अनुदान किलोवॅटमागे १८,००० रुपये, एकूण ३ लाख ६० हजार. रंगायतनात पडदा वर जातो आणि सगळी सोसायटी मंचावर हात वर करून उभी असते. हा ठराव.

चित्रात फक्त एक आकडा ठेवा. बाकीचे गुणाकार करून निघतात, म्हणूनच वीस टोपल्या पुरल्या. ज्या तक्त्यात डोळा फिरवावाच लागतो, उदाहरणार्थ तीन ठेकेदारांचे दर, तो पाठ करू नका. कागदावर छापून वाटा.

गडबड बहुतेक वेळा थांबे सारखे असल्यामुळे होते. एकाच रस्त्यावरची दोन कापडदुकानं घेतली, की दुसऱ्याचा मुद्दा पहिल्यात शिरतो. दुसरी चूक म्हणजे त्याच आठवड्यात त्याच वाटेवर दुसरं भाषण ठेवणं. मग होडीत जुनी माणसं दिसू लागतात. त्यासाठी दुसरी वाट घ्या, घरातल्या खोल्यांचीसुद्धा चालते.

तालीम करताना वाक्यं घोकू नका; एक शब्द निसटला की घोकलेलं वाक्य तिथेच अडकतं. शब्दशः फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य ठेवा. मग वाट उलटी चाला, रंगायतनाकडून स्टेशनकडे. ज्या थांब्यावर तीन सेकंदांहून जास्त अडाल, तिथलं चित्र फिकं आहे, ते बदला. सभेत एखादा थांबा कोरा दिसला तर पुढच्या थांब्यावर जा. राहिलेला मुद्दा प्रश्नोत्तरांत घेता येतो.