एजन्सीमार्फत कंत्राटी नोकरीची मुलाखत: कायम होण्याबद्दल विचारताना या चुका टाळा

एजन्सीमार्फत मिळणाऱ्या कामात तुम्ही ज्या कंपनीत रोज काम करता ती, म्हणजे क्लायंट, आणि ज्यांच्या पेरोलवर असता ती एजन्सी, हे दोन वेगळे पक्ष असतात. त्या दोघांमध्ये त्यांचा एक वेगळा करार असतो आणि तो तुम्हाला सहसा दाखवला जात नाही. कायम होण्याची शक्यता मात्र बरीचशी त्या करारावरच ठरते. मुलाखतीतल्या बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्याने होतात. प्रश्न बरोबर असतो, पण चुकीच्या माणसाला विचारला जातो.

"चांगलं काम केलं तर कायम करू" यावर थांबणे

हे वाक्य क्लायंटचा हायरिंग मॅनेजर बोलतो आणि बहुतेक वेळा मनापासूनच बोलतो. पण कायम करायला त्याची इच्छा पुरत नाही. मंजूर झालेली जागा लागते, बजेट लागतं, आणि एजन्सीला द्यायचं शुल्क लागतं. कंत्राटी माणसाला थेट नोकरीवर घेतलं तर क्लायंटने एजन्सीला ठरावीक रक्कम द्यायची, असं कलम अशा करारांत सर्रास असतं. ती रक्कम अनेकदा वार्षिक पगाराच्या टक्क्यांत मोजतात आणि माणूस जितके महिने एजन्सीमार्फत काम करेल तितकी ती कमी होत जाते.

एक उदाहरण घेऊ. एका डेटा ॲनालिस्टला 12 महिन्यांचं कंत्राट मिळत आहे. समजा करारात लिहिलंय की पहिल्या 6 महिन्यांत घेतलं तर वार्षिक पगाराच्या 20 टक्के, 6 ते 12 महिन्यांत 10 टक्के, आणि त्यानंतर शून्य. शिवाय क्लायंटचा नियम असा की कंत्राटी माणूस सलग 18 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. आता मॅनेजरच्या जागी बसून बघा. सहाव्या महिन्यात तो वरिष्ठांकडे गेला तर पहिला प्रश्न शुल्काचा येईल. म्हणजे खरी संधी 12 ते 18 महिन्यांच्या मधलीच. पण कंत्राट तर 12 व्या महिन्यात संपतंय! तेव्हा या उमेदवाराच्या दृष्टीने कळीचा प्रश्न "कायम कराल का" हा नसून "मुदतवाढ मिळेल का, आणि ती कोण ठरवतं" हा आहे. आणि तो विषय बाराव्या महिन्यात नव्हे, नवव्या-दहाव्या महिन्यात काढायला हवा, कारण मंजुरीला वेळ लागतो.

हे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतील. शुल्काची नेमकी टक्केवारी एजन्सी सांगेलच असं नाही, पण "किती महिन्यांनंतर क्लायंटला शुल्काशिवाय घेता येतं?" याचं उत्तर रिक्रूटर सहसा देतो. तो गुळमुळीत बोलू लागला, तर कालावधी बराच लांब आहे असं धरून चालावं.

मॅनेजरला विचारायचे प्रश्न वेगळे. या टीममधलं शेवटचं कंत्राटी माणूस कायम कधी झालं आणि किती महिन्यांनी? या कामासाठी कायम जागा आज मंजूर आहे, की पुढच्या बजेटमध्ये मागायची आहे? "हो, दोघे झाले, साधारण सव्वा वर्षाने" हे उत्तर आहे. "आमच्याकडे खूप संधी असतात" हे उत्तर नाही. आणि हे प्रश्न कामाबद्दलचं बोलणं संपल्यावर, शेवटी विचारा. पहिल्या दहा मिनिटांत विचारलं की समोरच्याला वाटतं, याला हे काम नकोच आहे.

सुविधांबद्दल क्लायंटला विचारणे

विमा, रजा, सुट्ट्या यांचं उत्तर बहुतेक वेळा मॅनेजरकडे नसतं, आणि तो स्वतःच्या सुविधा डोळ्यांसमोर ठेवून बोलला तर तुमची दिशाभूल होते. हे सगळं एजन्सीला विचारायचं, तेही दर ठरण्याआधी. विमा पहिल्या दिवसापासून आहे की काही आठवड्यांनंतर? सांगितलेल्या रकमेत विमा वगैरेंसाठी एजन्सीने भरायचा वाटा धरलाय का? क्लायंटचं ऑफिस बंद असेल त्या दिवसांचे पैसे मिळतात का?

शेवटचा प्रश्न लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. दर रोजावर असेल तर वर्षाचे कामाचे दिवस 260 धरले जातात. त्यातले 10 सुट्ट्यांचे आणि 15 रजेचे दिवस बिनपगारी निघाले, तर हातात 235 दिवसांचे पैसे येतात, म्हणजे साडेनऊ टक्क्यांहून जास्त कमी. "कायम नोकरीपेक्षा 10 टक्के जास्त" म्हणून स्वीकारलेला दर इथेच जवळपास बरोबरीला येतो, आणि विम्याचा हिशेब अजून बाकीच असतो.

नोटीस एकच असते असं समजणे

ऑफर लेटरमध्ये "नोटीस पिरियड 30 दिवस" वाचून लोक निश्चिंत होतात. प्रत्यक्षात तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. तुम्ही सोडताना एजन्सीला किती दिवस द्यायचे, एजन्सीने तुम्हाला किती द्यायचे, आणि क्लायंटने काम थांबवलं तर काय होणार. तिसरी गोष्ट बहुधा वेगळ्या कलमात दडलेली असते. "क्लायंटची गरज संपल्यास नेमणूक तत्काळ समाप्त होईल" असं वाक्य शोधा. मग विचारा: नेमणूक संपली की नोकरीही संपली, की दुसरं काम मिळेपर्यंत मी पेरोलवर राहणार? राहणार असलो, तर त्या काळात पगार मिळतो का? अनेक देशांत कायद्याने किमान नोटीस ठरवून दिलेली असते आणि करारात त्याहून कमी लिहून ती टाळता येत नाही, म्हणून तिथला नियमही एकदा पाहून घ्या.

या नोटिशीचा कायम होण्याशी थेट संबंध आहे. समजा, त्या डेटा ॲनालिस्टला मुदतवाढ मिळाली, चौदाव्या महिन्यात क्लायंटने कायम नोकरी देऊ केली आणि पुढच्या एक तारखेला रुजू व्हायला सांगितलं. एजन्सीची नोटीस 60 दिवसांची निघाली, आणि शिवाय "सोडल्यानंतर 12 महिने क्लायंटकडे थेट काम करणार नाही" असं कलमही निघालं. दोन्ही अडथळे सही करण्यापूर्वी एका वाक्याने दूर करता येतात. क्लायंटने एजन्सीच्या संमतीने घेतल्यास ही नोटीस आणि ही बंदी लागू होणार नाही, एवढंच लेखी मागायचं. एजन्सीचं यात फारसं जात नाही, कारण संमती देताना तिचं शुल्क तिला मिळतं किंवा मुदत उलटून गेलेली असते.

आणखी एक विचारून ठेवा: कायम झाल्यावर आधीची सेवा धरली जाते का? बऱ्याचदा रुजू होण्याची तारीख नवी, प्रोबेशन नवं आणि रजा शून्यापासून.

तोंडी उत्तरांवर विसंबणे

रिक्रूटर फोनवर सगळं गोड सांगतो आणि दोन महिन्यांत दुसरीकडे निघून जातो. त्याच संध्याकाळी छोटा ईमेल टाका: "आपल्या बोलण्यानुसार विमा पहिल्या दिवसापासून आहे, क्लायंटच्या सुट्टीचे दिवस बिनपगारी आहेत, आणि 12 महिन्यांनंतर क्लायंट मला शुल्काशिवाय घेऊ शकतो. यात काही चूक असेल तर कळवा." उत्तरात "हो, बरोबर" आलं तरी करारात वेगळं लिहिलेलं असेल, तर वजन सहीच्या कागदालाच असतं. म्हणून तो ईमेल दाखवून ऑफर लेटरमध्येच दुरुस्ती मागा.

सही आधीच झाली असेल, तर मुदतवाढीची वेळ पकडा. मुदतवाढीच्या कागदावर एजन्सीला तुमची नवी सही हवी असते. नोटिशीचं आणि थेट कामावरच्या बंदीचं कलम बदलून घ्यायला ती योग्य वेळ आहे.