तक्ते शेवटी हलवण्याआधी

प्रबंधातून लेख काढताना ‘उद्दिष्टे’ आणि ‘साहित्याचा आढावा’ ही प्रकरणं प्रस्तावनेच्या दोन-तीन परिच्छेदांत मुरवावी लागतात. ते काम कंटाळवाणं, पण सरळ. फसगत होते ती तक्त्यांतल्या संदर्भांची.

संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे देणाऱ्या व्हँकुव्हर पद्धतीत फक्त तक्त्यात येणाऱ्या संदर्भाला क्रमांक मिळतो तो मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जिथे असेल, तिथला. समजा, चर्चेत 14 व्या संदर्भानंतर ‘तक्ता 3’ असा पहिला उल्लेख आला आणि त्या तक्त्यात दोन नवे अभ्यास आहेत. ते 15 आणि 16, मजकुरातला पुढचा नवा संदर्भ 17. पण अनेक जर्नल्सना तक्ते फाइलच्या शेवटी लागतात. तिथे हलवले की, लेखात एकूण 30 संदर्भ असतील तर, संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर Zotero त्या दोन अभ्यासांना मुकाट्याने 29 आणि 30 करून टाकतं, कारण ते फाइलमधला क्रम पाहतं.

म्हणून शेवटपर्यंत तक्ता त्याच्या पहिल्या उल्लेखाच्या परिच्छेदाखालीच ठेवा. सगळ्या दुरुस्त्या संपल्या की फाइलची प्रत काढा, प्रतीत Zotero चं `Unlink Citations` दाबा, म्हणजे क्रमांक साधा मजकूर होऊन बदलायचे थांबतील, आणि मगच तक्ते शेवटी न्या. मूळ फाइल जपून ठेवा; परीक्षकांनी एक संदर्भ वाढवायला सांगितला, तर तीच लागेल.