घरातली आग विझल्यानंतर आभार मानताना या चुका टाळा

लातूरमधल्या एका चार मजली इमारतीतला प्रसंग घ्या. एप्रिलची दुपार, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कूलर एक्स्टेन्शन बोर्डवर चालू. बोर्ड तापून वितळला, शेजारच्या पडद्याने पेट घेतला आणि पडद्यावरून आग कूलरच्या वाळलेल्या गवताच्या जाळीपर्यंत गेली. समोरच्या काकूंनी १०१ ला फोन लावला. खालच्या भाऊंनी मीटरच्या खोलीत जाऊन त्या फ्लॅटचा मेन स्विच पाडला. वरच्या मजल्यावरच्या मुलाने जिन्यातलं अग्निशामक सिलिंडर आणून दारातूनच पावडर मारली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. वॉचमन मामांनी फाटकासमोरच्या मोटारसायकली हलवल्या, म्हणून गाडी थेट आत आली. आग एका खोलीपुरतीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार.’ पहिली चूक हीच. ‘सर्वांचे’ म्हटलं की कुणी नेमकं काय केलं ते कुणालाच कळत नाही. आभारात कृती लिहा: मेन स्विच कुणी पाडला, दार कुणी लावलं, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना लिफ्ट टाळून जिन्याने कुणी खाली आणलं. दार लावणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यामुळेच धूर जिन्यात पसरला नाही आणि आगीला हवा कमी पडली. हे लिहिलं की बाकीच्या घरांनाही पुढच्या वेळी काय करायचं ते समजतं.

याच कारणासाठी चुकीच्या धाडसाचं कौतुक जाहीरपणे करू नका. कुणी कपाट वाचवायला धुरात शिरलं असेल, किंवा वीज चालू असताना बोर्डावर बादलीभर पाणी फेकलं असेल, तर त्यांच्या धावून येण्याबद्दल घरी जाऊन आभार माना आणि तिथेच प्रेमाने सांगा की असं पुन्हा करू नका. ग्रुपवर त्याचा गाजावाजा झाला तर पोरं तेच शिकतात.

दुसरी मोठी चूक अग्निशमन दलाच्या बाबतीत होते. शाल-श्रीफळ, हार घेऊन पंधरा-वीस जण केंद्रावर जातात, गाड्या नेमक्या दारात उभ्या करतात आणि फोटो काढत बसतात. त्याच वेळी कॉल आला तर बंब बाहेर काढायचा कसा? शिवाय जवान पाळीत काम करतात, त्यामुळे सत्कार भलत्याच तुकडीचा होतो. आधी फोन करून त्या दिवशीची पाळी पुन्हा कधी आहे ते विचारा, दोघं-तिघं जा आणि गाडी रस्त्याच्या कडेला लावा. पाकिटात पैसे घालून देऊ नका. ते सरकारी कर्मचारी आहेत, तुमच्या भावनेपायी ते अडचणीत येतील.

त्यांच्या खऱ्या उपयोगाचं आहे ते लेखी पत्र. महापालिका असेल तर मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नावे लिहा आणि प्रत आयुक्तांना द्या. नगरपरिषद असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. आवक विभागात देऊन पोच घ्या. मजकूर साधा असावा:

‘दिनांक अमुक रोजी दुपारी अमुक वाजता आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आग लागल्याचा फोन केला. आपले जवान आल्यावर त्यांनी आधी आत कुणी अडकलं आहे का ते पाहिलं, आग पूर्ण विझवली, खिडक्या उघडून धूर बाहेर काढला आणि भिंत व बोर्ड पुन्हा तपासूनच ते निघाले. त्या दिवशीच्या संपूर्ण तुकडीचे, ड्रायव्हरसह, आम्ही आभारी आहोत.’

ड्रायव्हर हमखास राहून जातो. पंप चालवणारा बहुतेक वेळा तोच असतो, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख करा. नावं माहीत असतील तर लिहा, अंदाजाने लिहू नका.

या पत्रात आगीचं कारण मात्र घालू नका. ‘शॉर्टसर्किटमुळे’ असं आपण सवयीने लिहून टाकतो. दलाच्या अहवालात वेगळं कारण आलं तर विम्याच्या वेळी दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात. विम्यासाठी आगीचा दाखला हवा असेल तर त्याचा अर्ज वेगळा करा. आभाराच्या पत्राखाली ‘तरी दाखला लवकर मिळावा’ असं जोडलं की आभार नुसते निमित्त वाटतात.

आता खालच्या मजल्याकडे बघा. आग तुमच्याकडे लागली, पण विझवलेलं पाणी त्यांच्या छतातून गळलं आणि गाद्या भिजल्या. लोक मदत करणाऱ्यांकडे पेढे घेऊन जातात आणि या घराला विसरतात. आमच्या मते पहिली चक्कर तिथेच व्हावी. ‘ताई, किती नुकसान झालं ते आधी सांगा,’ असं विचारा आणि छताची वायरिंग वाळून इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत त्या खोलीचा स्विच बंद ठेवायला सांगा.

आणि जिन्यातलं ते सिलिंडर. अर्धंच वापरलं म्हणून लोक ते तसंच खुंटीला अडकवतात. एकदा दाबलं की पावडर व्हॉल्व्हमध्ये अडकते आणि दाब हळूहळू निघून जातो. महिन्याभराने काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली आलेला दिसेल. ते त्याच आठवड्यात स्वतःच्या खर्चाने भरून आणा, वर भरल्याची तारीख असलेलं लेबल लावून घ्या आणि ज्या मुलाने ते उचललं त्यालाच सोबत घेऊन जागेवर लावा.