ठरलेल्या अंकांनी सुरू होणारे क्रमांक मोजताना या चुका टाळा

इंदूरचा एसटीडी कोड 0731 आहे आणि त्यापुढे स्थानिक क्रमांक सात अंकी असतो. वर्गात मी नेहमी एकच प्रश्न देतो: स्थानिक क्रमांकाचा पहिला अंक 2 ठरलेला असेल, तर जास्तीत जास्त किती निरनिराळे क्रमांक तयार होतील? उत्तर 10 लाख आहे, कारण मोकळ्या जागा सहा उरतात आणि प्रत्येक जागी 0 ते 9 यांपैकी कोणताही अंक बसू शकतो.

काही मुले 2 ची जागाही मोकळी धरून एक कोटी लिहितात. जी जागा ठरलेली आहे तिथे पर्याय एकच असतो, एवढे सांगितले की ही चूक सुटते.

मला खरा त्रास होतो तो नऊ लाख या उत्तराचा. एकदा जवळजवळ सगळ्या वर्गाने तेच लिहिले आणि शिकवणीत पाठ केलेला नियमही ऐकवला: "सर, पहिल्या जागी शून्य चालत नाही, म्हणून नऊ पर्याय." नियम खोटा नाही, पण इथे पहिली जागा 2 ने आधीच व्यापलेली आहे, मुलांनी तो उचलून पहिल्या मोकळ्या जागेला लावला. मी फळ्यावर 2000000 ते 2099999 असे लिहिले आणि यांतला कोणता क्रमांक चालणार नाही, असे विचारले. कोणालाच सांगता येईना. नऊ लाखांच्या उत्तरात नेमके हेच एक लाख क्रमांक गळालेले होते. सूत्राची घाई असलेल्यांना मी आता आधी छोटा नमुना करायला लावतो: 2 नंतर दोनच जागा घ्या, 200 ते 299 मोजा, शंभर भरतात का पाहा, आणि मगच सहा जागांकडे वळा.

कोणी 1,51,200 लिहिले, तर त्याने 10×9×8×7×6×5 केले आहे, म्हणजे अंक पुन्हा येऊ नयेत असे गृहीत धरले आहे. क्रमांक एकमेकांपासून वेगळे हवेत; एका क्रमांकातले अंक नव्हेत. 2222222 हाही चालणारा क्रमांक आहे.

2999999 मधून 2000000 वजा करणाऱ्यांनी एक मिळवायला विसरू नये.

सुरुवातीचे अंक अनेक दिले असतील, तर प्रत्येक गटाची संख्या वेगळी काढून बेरीज करावी, गुणाकार नव्हे. मात्र 24, 27 आणि 245 असे तीन गट दिले, की बरीच मुले 2,10,000 लिहून मोकळी होतात. बेरजेआधी प्रत्येक गटाचा पहिला आणि शेवटचा क्रमांक मी लिहवून घेतो. 2450000 ते 2459999 हे दहा हजार क्रमांक 2400000 ते 2499999 यांच्या पोटातच आहेत, हे तेव्हा लगेच दिसते आणि उत्तर दोन लाखच राहते.